दोन मिनिटांत सतराशे रुपये : नवख्या चिटणिसासाठी मार्गदर्शिका

देणगीसाठी दोन मिनिटांची अॅनिमेशन फिल्म करायची असं कार्यकारिणीत ठरलं, की नवख्या चिटणिसाने सर्वांत आधी चहा सांगावा. कारण त्या दोन मिनिटांत काय काय आलंच पाहिजे हे प्रत्येक सभासद पुढचे दोन तास सांगणार आहे. संस्थेचं स्थापना वर्ष, उद्घाटनाची समई, वृक्षारोपण, रक्तदान शिबिर, मिळालेली सन्मानचिन्हं आणि अध्यक्षांचं मनोगत. आढेवेढे न घेता सगळं वहीत उतरवून घ्या, मध्ये मध्ये मान डोलवा. बैठक संपली की वही कपाटात ठेवा आणि कुलपाची किल्ली घरी न्या. इथे पटकथेचा पहिला टप्पा पूर्ण झाला.

दुसऱ्या टप्प्यात अशा माणसाकडे जायचं जो बैठकीला नव्हता. उदाहरण म्हणून धरू, की तुमची संस्था बीड जिल्ह्यातल्या एका गावात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवते. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना तिकडे ‘कोयता’ म्हणतात, दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघतात आणि मार्च-एप्रिलकडे परततात. मूल सोबत गेलं की शाळा सुटते. एवढं सगळ्यांना माहीत असतं आणि एवढ्यावर फिल्म होत नाही. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशींना विचारा, की मूल गावात राहायला नेमकं काय आडवं येतं? त्या सांगतील, दुपारी शाळेत खिचडी मिळते, झोपायला शाळेची खोली आहे. अडतं ते संध्याकाळच्या जेवणाला. ‘दुष्टचक्र’, ‘सक्षमीकरण’ आणि ‘उज्ज्वल भविष्य’ हे तीन शब्द तिथेच मोडीत काढा. तुमची फिल्म संध्याकाळच्या भाकरीवर आहे.

आता पात्र. एकच. नाव सुमी, इयत्ता चौथी. खजिनदार म्हणतील तिला भाऊ द्या, उपाध्यक्षांना प्रेमळ शिक्षक हवा असेल आणि एखाद्याला मिशीवाला मुकादम. प्रत्येकाला नम्रपणे ‘बजेट बघतो’ म्हणा, आणि ते खोटंही नाही. अॅनिमेशनमध्ये पात्र फुकट जन्माला येत नाही. ते समोरून, बाजूने, पाठीमागून कसं दिसतं हे आधी काढावं लागतं. कट-आउट पद्धतीत त्याचे हात, पाय, मान सुटे करून सांध्यांवर जोडावे लागतात. एक-एक चित्र हाताने काढायचं म्हटलं, तर सेकंदाला २४ फ्रेम लागतात. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवायची काटकसर केली तरी सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे दोन मिनिटांना १४४०. मिशी त्यात आणखी महाग पडते. म्हणून सुमीची आई म्हणजे फक्त दोन हात, आणि मुकादम म्हणजे ट्रॅक्टरचा हॉर्न. सुमी स्वतः बोलणार नाही, निवेदिका बोलेल. त्यामुळे ओठांच्या हालचाली शब्दांशी जुळवायचं कामही वाचतं.

एकाच पात्राचं दुसरं कारण पैशाइतकंच रोकडं आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांच्या हातात पाच डॉलर देऊन त्यातले हवे तेवढे ‘सेव्ह द चिल्ड्रन’ला द्यायला सांगितलं होतं. काहींना मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची गोष्ट दिली. त्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. काहींना आफ्रिकेतल्या लाखो भुकेल्यांचे आकडे दिले, त्यांनी १.१४. आपल्या कार्यकारिणीचं लाडकं मिश्रण, म्हणजे रोकिया अधिक आकडे, ज्यांना मिळालं त्यांनी दिले १.४३. आकड्यांनी रोकियाला मदत केली नाही, तिचे पैसे कापले. तेव्हा ‘निदान शेवटी जिल्ह्याची आकडेवारी टाकू’ असं कुणी सुचवलं, तर ती वार्षिक अहवालात टाका. अहवाल वाचणारा माणूस आकड्यांसाठीच आलेला असतो.

पटकथा लिहिण्याआधी कुठलाही मजकूर घड्याळ लावून स्वतः मोठ्याने वाचून बघा. मराठीत स्वस्थपणे बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणून नवखा लेखक दोन मिनिटांना अडीचशे शब्द लिहितो आणि निवेदिका ते रेल्वेची उद्घोषणा केल्यासारखे म्हणते. दीडशेच्या आत राहा. चित्र जे दाखवतंय ते शब्दांनी पुन्हा सांगायचं नाही, एवढं पाळलं तर शंभरही पुरतात. कागदावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे जे दिसतं ते, उजवीकडे जे ऐकू येतं ते. उजवी बाजू खाली वाहू लागली आणि डावीकडे नुसतं ‘सुमी उभी आहे’ असं दिसलं, की समजावं आपण भाषण लिहितोय. नमुना असा :

०:०० ते ०:२० : दारात ट्रॅक्टरची ट्रॉली. आईचे हात भांड्यांचं गाठोडं वर चढवतात. सुमी दप्तर छातीशी धरून उभी. आधी फक्त इंजिनाचा आवाज. मग : ‘ही सुमी. चौथीत आहे. आज तिचं घर ट्रॉलीत चाललंय.’

०:२० ते ०:४५ : हात दप्तर ट्रॉलीत ठेवतात. सुमी ते खाली काढते. हात परत वर ठेवतात. सुमी परत काढते. ‘आई-बाबा ऊसतोडीला निघालेत. मार्चमध्ये येतील. सुमीचे सतरापर्यंत पाढे झालेत. ती गेली तर अठराचा राहील.’

०:४५ ते १:०५ : सुमी बोटं मोजते. पहिल्या बोटावर शाळेची खोली, दुसऱ्यावर खिचडीची वाटी. तिसरं बोट उघडतं, त्यावर काहीच नाही. ‘राहायला जागा आहे. दुपारी शाळेत खिचडी आहे. संध्याकाळी चूल कोण पेटवणार?’

१:०५ ते १:२० : हॉर्न. दप्तर ट्रॉली आणि दार यांच्या मधोमध जमिनीवर. ‘गावात एक मावशी रोज मुलांसाठी भाकऱ्या थापतात. सुमीसाठीही थापतील.’

१:२० ते १:४० : तिसऱ्या बोटावर ताट येतं. ‘एका मुलीचं एका महिन्याचं जेवण : सतराशे रुपये. सतराशे रुपये पाठवा. सुमीचा एक महिना गावात.’

१:४० ते २:०० : पडद्यावर रक्कम आणि पैसे कुठे पाठवायचे ते. कोपऱ्यात सुमी दिव्याखाली पाढे घोकतेय, पुटपुट ऐकू येते. निवेदन नाही.

सुमी कुठेही रडत नाही, हे मुद्दाम आहे. अश्रू काढायला सोपे असतात, दोन थेंब आणि झालं, म्हणून नवशिक्या अॅनिमेटरला ते फार आवडतात. पण रडणाऱ्या मुलीकडे बघणारा माणूस फोन बाजूला ठेवतो, आणि दप्तर तिसऱ्यांदा कुठे जाणार हे बघणारा थांबतो. शिवाय ज्या घरातली ही गोष्ट आहे ते घरही फिल्म बघणार आहे. आईचे हात दप्तर ट्रॉलीत टाकतात ते क्रूरपणाने नव्हे, मुलीला एकटी कशी सोडायची म्हणून. हात तसेच हलले पाहिजेत. ही सूचना डाव्या रकान्यात लिहून ठेवा, नाहीतर अॅनिमेटर ते दप्तर भिरकावेल.

आता सतराशे कुठून आले? हे लेखकाने ठरवायचं नसतं, पण लेखकाने विचारायचं असतं. एका जेवणाला ५० रुपये धरले तर महिन्याच्या ३० संध्याकाळचे १५०० झाले. पटकथेत १५०० लिहूनही झालं असेल, तेवढ्यात मावशी विचारतात, ‘रविवारी दुपारी पोरींनी काय खायचं?’ रविवारी शाळा नाही, म्हणजे खिचडी नाही. चार जेवणं वाढली, २०० रुपये वाढले. सकाळचे पोहे संस्था आपल्या खिशातून बघते. रक्कम गोल नाही म्हणून अध्यक्ष हळहळतील. १७०० तसेच राहू द्या. ‘सतराशे द्या, सुमीचं आयुष्य बदला’ हेही नको, कारण ते सतराशेत होत नाही. एक महिन्याचे पैसे मागताय तर एक महिनाच म्हणा.

मागणी एकच असावी, हे सगळे मान्य करतात आणि मग तिच्याखाली बारीक अक्षरात ‘जुने कपडे, वह्या, वेळ, काहीही द्या’ असं लिहितात. ‘काहीही द्या’ म्हटल्यावर लोक शुभेच्छा देतात. ‘यथाशक्ती’ हा शब्दही काढा, तो वाचून माणूस आपली शक्ती मोजत बसतो. रक्कम एक, वाट एक.

वाटेबद्दल एक तांत्रिक अडचण. शेवटी भलामोठा क्यूआर कोड टाकायची पद्धत आहे. सभागृहात पडद्यावर फिल्म दाखवली तर तो कामाचा असतो. पण ती व्हॉट्सअॅपवर गेली, की बघणाऱ्याच्या हातात एकच फोन असतो. फिल्मही त्यातच आणि कॅमेराही त्यातच. स्वतःच्याच फोनचा पडदा स्कॅन करायला बघणाऱ्याने शेजाऱ्याचा फोन मागावा, अशी आपली अपेक्षा दिसते. म्हणून यूपीआय आयडी मोठ्या अक्षरांत पडद्यावर पूर्ण वीस सेकंद ठेवा आणि तोच फिल्मसोबतच्या संदेशातही लिहा, म्हणजे दाबून धरून कॉपी करता येईल. सगळं निवेदन खाली अक्षरांतही हवं, कारण पुष्कळ लोक फिल्म बसमध्ये आवाज बंद करून बघतात.

व्हॉट्सअॅपवरून ती न्यू जर्सीतल्या कुणाच्या तरी पुतण्याकडे पोचणार हेही धरून चला. पुतण्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि तो स्वतःच्या कमाईतले पैसे नेहमीच्या बँक मार्गाने पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. तो अमेरिकी नागरिक झाला असेल तर धरतात, आणि संस्थेकडे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ते पैसे घेता येत नाहीत. तेव्हा ‘जगभरातून मदत करा’ हे वाक्य ऐकायला भारदस्त असलं तरी आधी सनदी लेखापालाला दाखवा.

रंगकामाला हात लागण्याआधी अॅनिमॅटिक करून घ्या. म्हणजे साधी रेखाचित्रं वेळेनुसार लावायची आणि खाली तुमच्याच आवाजातलं कच्चं निवेदन. या टप्प्यावर प्रसंग कापला तर एक चित्र फुकट जातं, नंतर कापला तर आठवड्याचं काम जातं. अॅनिमॅटिक संस्थेशी संबंध नसलेल्या माणसाला एकदाच दाखवा आणि दोनच प्रश्न विचारा : किती पैसे मागितले, आणि कशाचे? ‘सतराशे, महिन्याच्या जेवणाचे’ असं उत्तर चटकन आलं तर पुढे जा. ‘छान आहे हो, मुलगी गोड आहे’ असं आलं, तर १:२० पासून पुन्हा लिहा.

आणि हे सगळं आषाढातच सुरू करा. कोयते निघण्याआधी, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास, फिल्म लोकांच्या फोनवर असायला हवी. कपाटातल्या वहीवर चर्चा करायला आणखी दोन बैठका झाल्या, तर ती मार्चमध्ये तयार होईल, ट्रॉल्या गावात परत शिरत असताना. अध्यक्ष म्हणतील, काही हरकत नाही, पुढच्या वर्षी वापरू, तोवर माझं मनोगत जोडून घ्या.