शिक्का-शास्त्र प्रवेशिका: बीबीच्या अर्जदारांसाठी

बीबीहून लोणारच्या तहसीलला निघालेल्या अर्जदाराने एक सिद्धांत पाठ करावा: कागदाचे वजन शिक्क्यांच्या संख्येवरून ठरत नाही, जबाबदारी कोण घेतो यावरून ठरते. मार्कशीटच्या झेरॉक्सवर आपण ‘स्वयंसाक्षांकित’ लिहून सही करतो, तेव्हा एवढेच म्हणतो की ही नक्कल मूळ कागदाबरहुकूम आहे. मार्कशीट खरी की खोटी, हे मूळ प्रत बघणाऱ्याने ठरवायचे. नोटरी केलेल्या घोषणापत्रात नोटरी तुमची ओळख पटवतो, समोर झालेली सही आपल्या रजिस्टरात नोंदवतो. मजकुराच्या खरेपणाची हमी तो देत नाही. म्हणून घरूनच सही करून नेणे आणि जागा रिकाम्या सोडणे, ही दोन्ही पातके. शपथपत्रात मात्र तुम्ही तहसीलदार, नोटरी अशा अधिकृत माणसासमोर शपथ घेऊन स्वतःला माहीत असलेली गोष्ट सांगता.

वारस नोंदीचे उदाहरण घ्या. वडील वारले, सातबाऱ्यावर मुलांची नावे चढवायची आहेत. मृत्यूची तारीख मृत्यूच्या दाखल्यावर आहे, त्याला झेरॉक्स पुरते. पण वारस किती आणि कोण, हे घरच्यांखेरीज कुणी सांगू शकत नाही, म्हणून तिथे सहसा शपथपत्र मागतात, आणि ते रास्तही आहे. त्यात लग्न होऊन मेहकरला गेलेल्या बहिणीचे नाव गाळले, तर नोटरीचा गोल शिक्का काय करणार? त्याने बहीण पाहिलेलीच नसते. पुढे ती हरकत घेते आणि फेरफार अडकतो.

शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाच्या दाखल्याची गोष्ट निराळी. राज्य सरकारने 9 मार्च 2015 च्या निर्णयाने, कायद्याने शपथपत्र सक्तीचे नसेल तिथे स्वयंघोषणापत्र व स्वयंसाक्षांकित प्रत स्वीकारायला सांगितले. तरी ‘स्टॅम्पवर करून आणा’ ही आरोळी काही टेबलांवरून उठतेच. जात, उत्पन्न, रहिवास यांच्या दाखल्यांसाठीच्या शपथपत्रावरचे मुद्रांक शुल्क 2004 सालीच माफ झाले होते. तेव्हा स्टॅम्प पेपर आणायचा तो कशासाठी? 2024 मध्ये शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक आला, आणि ही आरोळी पाचपट महाग झाली.

कुणी म्हणेल, शपथ नसली की माणूस बिनधास्त खोटे लिहील. पण स्वयंघोषणापत्राच्या छापील नमुन्यातच खोटेपणाबद्दल खटल्याची तंबी आहे. ती कुणी वाचत नाही, हा दोष न वाचणाऱ्याचा. दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी: साहेब मागतात तर देऊन मोकळे व्हावे. द्यावे, हरकत नाही, मात्र आधी नम्रपणे विचारावे, ‘साहेब, कोणत्या नियमाने, ते एवढ्या अर्जावर लिहून द्याल का?’ लिहून देताना बऱ्याचदा पेनातली शाई संपते आणि साधी झेरॉक्स चालून जाते.