अव्वल कारकुनाचा बायोडेटा

सरकारी नोकराचं खरं आत्मचरित्र म्हणजे त्याचं सेवापुस्तक, आणि त्यातली एकही ओळ त्यानं स्वतः लिहिलेली नसते. पहिल्या पानावर जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरी, उंची, अंगावरची ओळखीची खूण, बोटांचे ठसे. पुढे नेमणूक, वेतनवाढ, बदली, अर्जित रजा, पुन्हा वेतनवाढ. प्रत्येक नोंदीखाली सही दुसऱ्याची. माणूस कामावर हजर होतो तोही ‘म.पू.’, म्हणजे मध्यान्हपूर्व, आणि अठ्ठावन्न पूर्ण झाली की महिन्याच्या शेवटच्या दिवशी ‘म.नं.’ निवृत्त होतो. मधली तीस-पस्तीस वर्षं ही त्या हिशेबानं भर दुपार.

आमच्या पिढीत बऱ्याच जणांची जन्मतारीख १ जून. ती आईनं नव्हे, शाळेत नाव घालताना गुरुजींनी दिलेली. त्यामुळे जळगावच्या आणि धुळ्याच्या कचेऱ्यांत ३१ मे रोजी निरोप समारंभांची नुसती लगीनघाई असते. शाल, श्रीफळ, ‘त्यांची उणीव भासेल’, आणि बाहेर त्रेचाळीस अंशांचं ऊन. आमचे शेजारी अप्पा असेच एका ३१ मे रोजी घरी आले. जळगाव जिल्ह्यात लिपिक म्हणून लागले, मग अव्वल कारकून, मग मंडळ अधिकारी, पुन्हा अव्वल कारकून, आणि शेवटची काही वर्षं धुळे जिल्ह्यात नायब तहसीलदार. दोन महिने त्यांनी झाडांना पाणी घातलं. तिसऱ्या महिन्यात झाडांनीच तक्रार केली असावी, कारण अप्पांनी पुण्याच्या एका सौर ऊर्जा कंपनीत अर्ज करायचं ठरवलं. कंपनीला खान्देशात जमीन पाहायची होती.

अप्पांनी बायोडेटा केला तो नऊ पानांचा. सुरुवात ‘उपरोक्त विषयास अनुसरून’. त्यानंतर प्रत्येक बदलीचा आदेश क्रमांक, दिनांक, रुजू दिनांक, वेतनश्रेणी, आश्वासित प्रगती योजनेच्या लाभाचा तपशील. पुण्यात मनुष्यबळ विभागात काम करणारी त्यांची भाची गणपतीला आली होती. तिनं तो वाचायला घेतला आणि तिसऱ्या पानावर थांबली.

“मामा, हे संगायो कोण? तीन वर्षं तुम्ही त्यांच्याकडे होता असं लिहिलंय.”

“संजय गांधी निराधार योजना. ते संकलन होतं माझ्याकडे.”

“म्हणजे काय गोळा करायचात?”

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. तहसील कचेरीत टेबलाला संकलन म्हणतात हे ज्याला माहीत नाही, त्याच्याशी बोलायला सुरुवात कुठून करावी, हा प्रश्न त्या नजरेत होता. भाचीचं पुढचं वाक्य जास्त लागलं. “आणि मामा, हे ‘कारकून’ वाचून आमच्याकडची पोरं पुढचं पान उलटणार नाहीत.”

हे खरं आहे. महसूल खात्यात अव्वल कारकून आणि मंडळ अधिकारी हे एकाच पायरीवरचे. एक कचेरीत एखादं अख्खं संकलन चालवतो, दुसरा वीस-पंचवीस गावांचं मंडळ सांभाळतो. बाहेरच्या जगाला मात्र ‘कारकून’ एवढंच ऐकू येतं आणि डोळ्यासमोर कानावर टाक खोचलेला इसम उभा राहतो. सरकारनं अलीकडे या पदाचं नाव बदलून सहायक महसूल अधिकारी केलं, पण अप्पांच्या सेवापुस्तकात ते कसं येणार?

भाचीचा मित्र म्हणाला, सरळ ‘डेप्युटी जनरल मॅनेजर’ लिहा. हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात आणि तो घातक आहे. खासगी कंपन्या नेमणुकीआधी जुन्या नोकरीची पडताळणी करतात. त्यांनी सेवा प्रमाणपत्र मागितलं, त्यावर ‘नायब तहसीलदार’ आलं आणि बायोडेटात भलतंच निघालं, तर गडी खोटारडा ठरतो. पदाचं नाव कागदावर आहे तसंच ठेवायचं आणि शेजारी एका ओळीत ते काय असतं ते सांगायचं. आम्ही लिहिलं : नायब तहसीलदार, तालुक्याच्या महसूल प्रशासनात तहसीलदारांच्या थेट हाताखालचा अधिकारी. मंडळ अधिकारी : तेवीस गावांच्या जमीन नोंदींची तपासणी आणि मंजुरी, हाताखाली पाच तलाठी. ‘कार्यकारी दंडाधिकारी’ हे शब्द भाचीला फार आवडले होते. पण सौर कंपनीला कुणाकडून चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घ्यायचं नव्हतं, म्हणून ते गाळले.

खरी अडचण पुढे होती, आणि ती पदांची नव्हे, व्याकरणाची. अप्पांच्या नऊ पानांत कर्ताच नव्हता. ‘टंचाई कालावधीत उपाययोजना करण्यात आल्या.’ ‘पंचनामे पूर्ण करण्यात आले.’ ‘निवडणूकविषयक कामकाज सुरळीत पार पडले.’ सगळं झालं होतं, कुणी केलं ते कळत नव्हतं. मी म्हटलं, “अप्पा, ‘मी केलं’ असं लिहा ना.” ते अवघडून म्हणाले, “भो, मी कसं म्हणू? ते तं शासनानं केलं.”

यात नुसता विनय नाही. टिपणीत ‘मी’ लिहिला की लेखापरीक्षणात तोच ‘मी’ सापडतो, हे शहाणपण पहिल्या पाच वर्षांत अंगात मुरतं. शिवाय ते बऱ्याच अंशी खरंही असतं. फाईल लिपिकापासून प्रांतापर्यंत फिरते, त्यात अप्पांचं नेमकं किती? बायोडेटातला अवघड भाग हाच : स्वतःचा वाटा शोधायचा आणि तेवढाच सांगायचा.

निवडणुकीचं उदाहरण घेऊन बसलो. एका विधानसभा मतदारसंघात सव्वातीनशेच्या आसपास मतदान केंद्रं होती. प्रत्येक केंद्रावर केंद्राध्यक्ष आणि तीन मतदान अधिकारी, म्हणजे तेराशे माणसं. दहा टक्के राखीव धरले की चौदाशेच्या वर. यात शिक्षक, ग्रामसेवक, बँकवाले, आणि प्रत्येकाकडे ड्युटी रद्द करण्यासाठी एक वैद्यकीय दाखला. त्यांच्या नेमणुकांचे आदेश, प्रशिक्षण, आदल्या दिवशी साहित्यासह बसमध्ये बसवणं आणि ऐनवेळी न आलेल्याच्या जागी राखीव माणूस धाडणं हे अप्पांनी पाहिलं. मतदारसंघाचे निवडणूक निर्णय अधिकारी ते नव्हते, म्हणून ‘निवडणूक घेतली’ असं लिहिता येत नाही. आम्ही लिहिलं : ‘सव्वातीनशे केंद्रांच्या निवडणुकीत चौदाशे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, प्रशिक्षण आणि रवानगी सांभाळली, तारीख पुढे ढकलण्याची सोय नव्हती.’ शेवटचा तुकडा भाचीनं घातला. तिच्या कंपनीत म्हणे प्रत्येक काम तीन महिने पुढे जातं.

आकडे आठवायला मात्र अप्पांना फार त्रास झाला. आदेश क्रमांक तोंडपाठ, पण मंडळात वर्षाला फेरफार किती मंजूर केले, तक्रारीच्या नोंदी किती, सुनावण्या किती, हे कुठे लिहूनच ठेवलेलं नव्हतं. ते आकडे दफ्तरात असतात आणि कार्यभार सोपवला की दफ्तर परकं होतं. जिथे खात्री नव्हती तिथे आम्ही आकडा घातला नाही. ठोकून दिलेला आकडा मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला कोसळतो.

जुनी वीस वर्षं तीन ओळींत बसवली. अप्पांना ते जिवावर आलं, पण वाचणाऱ्याला शेवटची दहा-बारा वर्षंच हवी असतात. वेतनश्रेणी, आदेश, कलमं गेली. नऊची दोन पानं झाली.

त्या दोन पानांतली अर्धी जागा आम्ही एका गोष्टीला दिली, कारण कंपनीला तीच हवी होती. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आल्या, शिवाजीनगरला महानिर्मितीचा सौर प्रकल्प झाला, तेव्हापासून त्या माळरानांवर कंपन्यांचा डोळा आहे. पुण्याहून आलेला अभियंता ऊन पाहतो, उतार पाहतो आणि खूश होतो. अप्पा सातबारा पाहतात. त्यांची नजर आधी मालकाच्या नावावर जात नाही, भूधारणा पद्धतीवर जाते. भोगवटादार वर्ग-२ असेल तर परवानगीशिवाय जमीन विकता येत नाही. मग ‘इतर हक्क’. तिथे कुळाचं नाव, बहिणींचा हक्क, सोसायटीचा बोजा. मालक आदिवासी असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीचा प्रश्न, आणि पश्चिम साक्रीत हा प्रश्न पावलोपावली. शेवटचा फेरफार मंजूर आहे की तक्रारीत अडकलाय, तेही ते उलटून पाहतात, कारण नोटिशीनंतर हरकतीला पंधरा दिवस असतात आणि खरा भाऊबंद सोळाव्या दिवशी उगवतो. हे बोलताना अप्पांचा आवाज बदलला. पहिल्यांदाच ते ‘मी पाहतो’, ‘मी विचारतो’ असं बोलत होते. ते आम्ही तसंच उतरवून घेतलं : ‘जमीन घेण्यापूर्वी तिच्या नोंदींतले दोष ओळखतो, अशा नोंदींवर निर्णय देण्याचा अनुभव.’

मुलाखत झाली. कंपनीच्या साहेबांचा तिसरा प्रश्न : “कलेक्टर ऑफिसात ओळख आहे ना?” अप्पा म्हणाले, “ओळख आहे, पण तिच्यावर फाईल चालत नाही. कागद पुरे असले तर चालते. कागद पुरे करून देईन.” दुसरं त्यांनी आपणहून सांगितलं : ज्या गावांत त्यांनी स्वतः आदेश केले, त्या गावांच्या व्यवहारात हात घालणार नाहीत. साहेबांनी मान हलवली. ती कौतुकाची की नापसंतीची, अप्पांना कळलं नाही. माझ्या मते, ज्या कंपनीला नुसती ओळख हवी असते तिथे उत्तम बायोडेटाही फुकट जातो, आणि तो तसा गेलेला बरा. पंधरा दिवसांनी पत्र आलं : सल्लागार, आठवड्यातून तीन दिवस, जळगावातूनच काम.

तेव्हा पुढच्या ३१ मेच्या मंडळींना एक विनंती. सेवापुस्तकाची दुय्यम प्रत आपल्याजवळ आहे का, त्यात शेवटच्या नोंदी आल्यात का, ते आत्ताच पाहा. गट-अ मध्ये असाल तर निवृत्तीनंतर खासगी नोकरीसाठी पूर्वपरवानगीचा नियम आस्थापना शाखेत विचारून घ्या. आणि शेवटच्या सहा महिन्यांत एका साध्या वहीत लिहून काढा : हाताखाली माणसं किती, गावं किती, वर्षाला प्रकरणं किती, अडलेलं काय होतं आणि ते कसं सुटलं. गोपनीय कागदांच्या झेरॉक्स काढू नका, आपल्याच कामाचे आकडे तेवढे टिपा. आणि वाक्याला कर्ता घाला.