वरच्या दोन ओंजळी

शाळेत चार्ज दोन प्रकारचे. एक आपण मागून घेतो, दुसरा आपण रजेवर असताना आपल्याला मिळतो. पोषण आहाराचा चार्ज मला दुसऱ्या प्रकारे मिळाला. शाळा साखऱ्याच्या पंचक्रोशीतली, सेनगाव तालुक्यात. नाव सांगत नाही, पुढं चौदा किलो तांदळाचा प्रश्न आहे.

१९९५ साली योजना आली तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ पोराच्या पिशवीत ओतला की वही मिटायची. २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवून द्यायचं ठरलं, आणि साठा नोंदवहीला रोज पान आलं. आरंभीची शिल्लक, आलेला माल, एकूण, आजचा वापर, अखेरची शिल्लक. रकाने पाचच, पण कीर्दीत मुरलेल्या माणसालाही घाम फुटावा असे.

वापर काढायची रीत सोपी आहे. पहिली ते पाचवीला माणशी शंभर ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला दीडशे. आमच्याकडं लहान ६२ हजर, मोठे ४४. म्हणजे ६.२ आणि ६.६, दोन्ही मिळून १२.८ किलो. हजेरी रोज थोडी हलते, पण हिशोबाला तेवढीच धरा. मी हाच आकडा शांतपणे लिहीत होतो. तांदूळ मात्र मी मोजत नव्हतो, पोरं मोजत होतो. ही गोष्ट ध्यानात यायला तपासणी लागली.

‘परवा साहेब येणार’ असा निरोप आला आणि मी कोठीचं कुलूप काढलं. महिन्याच्या सुरुवातीला शिल्लक ८६ किलो, मध्ये सहा पोती आली, ३०० किलो. एकूण ३८६. वीस दिवसांचा वापर २५६. वहीत शिल्लक १३०. कोठीत पोती दोन. म्हणजे शंभर किलो. मी पोत्यांच्या मागं बघितलं, उंदराच्या बिळातसुद्धा डोकावलो. तीस किलो खाणारा उंदीर असता तर तोच तपासणीला आला असता.

स्वयंपाकाच्या मावशींना विचारलं, “मावशी, तांदूळ कुठं गेला?”

“कुठं जातोय? चुलीपाशी पिपात हाय की.”

पीप! पोतं कोठीतून स्वयंपाकघरात गेलं की माझ्या मनात ते ‘गेलं’. पण ते खर्च झालेलं नसतं, फक्त जागा बदललेली असते. वहीत मात्र कोठी आणि स्वयंपाकघर मिळून एकच शिल्लक. पिपातला तांदूळ काट्यावर घातला तर १९ किलो भरला. तूट आली अकरावर. मला हायसं वाटलं आणि त्याच भरात मी उरलेली दोन पोतीही काट्यावर चढवली. हे करायला नको होतं. पोतं भरलं ४९.१, रिकामा बारदाना ६०० ग्रॅम. आत तांदूळ ४८.५. तूट पुन्हा चौदावर.

माल उतरवताना ‘सहा पोती मिळाली’ म्हणून सही मीच केली होती. पोत्यावर पन्नास छापलेलं, मी वहीत पन्नास लिहिलं. काटा तेव्हाही कोपऱ्यात होता, त्याच्यावर खडूचा डबा ठेवलेला. सहाही पोती अशीच असतील तर नऊ किलो तिथंच गेलं. पण ‘असतील तर’. चार पोती पोरांच्या पोटात गेलेली, आणि त्यांचा पुरावा आता काढता येत नाही.

शेजारच्या शाळेतले अनुभवी गुरुजी म्हणाले, “रोज सात पोरं वाढवा.” खरंच, सात पोरं, शंभर ग्रॅम, वीस दिवस, बरोबर चौदा किलो! पट ११८, हजेरी ११३ झाली असती, कोणाच्या डोळ्यावरही आली नसती. अडचण एवढीच की रोजचा लाभार्थ्यांचा आकडा त्याच दिवशी मोबाइलवर भरलेला, आणि हजेरीपट वर्गात पडलेला. साहेब तिन्ही कागद शेजारी ठेवतात. तिथं ती सात पोरं अनाथ झाली असती.

नऊ किलोंचा संशय बाजूला ठेवला तरी पाच किलो राहिले. दुसऱ्या दिवशी मी मावशी तांदूळ काढताना समोर उभा राहिलो. काट्यावर १२.८ झालं. मी मान हलवली. मावशींनी पिपात हात घालून एक ओंजळ वर टाकली. मग दुसरी.

“हे काय?”

“रोजचंच हाय. लेकरं परत मागतेत.”

ओंजळ काट्यावर घातली. १२५ ग्रॅम. दोन ओंजळी रोज, वीस दिवस. पाच किलो.

शेवटी मी आदल्या दिवशीची प्रत्यक्ष मोजणी लिहिली: कोठी ९७, पीप १९, एकूण ११६, तूट १४. खाली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची सही घेतली. कारणाच्या रकान्यात ‘पोत्यांचे वजन कमी आढळले’ लिहिलं. ओंजळींपाशी पेन अडलं. ‘जादा वापर’ लिहावं तर साहेब विचारणार, कोणाच्या परवानगीनं?

मावशी दारातून म्हणाल्या, “सर, माझं नाव लिवा. पण उद्यापासून कमी टाकू का?”

मी म्हटलं, “उद्या तेरा किलो पाच ग्रॅम काढा.”

“पाच ग्रॅम कसले?”

“मावशी, दोन ओंजळी धरून १३.०५ होतंय. पन्नास ग्रॅम म्हणायचं होतं.”

वहीतही तसंच लिहिलं गेलं होतं. ती चूकही मीच खोडली, बाजूला सही केली.