सर्वात आधी बातमी देणाऱ्या ॲडमिनसाहेबांस

प्रति,
मा. ॲडमिनसाहेब,
नोकरी, योजना आणि निविदांच्या खबरा सर्वात आधी पोचवणाऱ्या समस्त संकेतस्थळांचे चालक-मालक

विषय : आपल्या उपकारांची पोच देण्याबाबत

महोदय,

शासनाची जाहिरात म्हणजे बारा-पंधरा पानांचं बाड. आपली मात्र चार ओळींत आटोपते : पदसंख्या, पात्रता, शेवटची तारीख आणि लाल अक्षरांत ‘येथे अर्ज करा’. उरलेल्या जागेत गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात. इतकं आटोपशीर काम मंत्रालयात आजवर कोणाला जमलेलं नाही. जाहिरात क्रमांक, दिनांक, शुद्धिपत्रक असली अडगळ आपण वाचकाच्या वाटेतून आधीच बाजूला करता, हे विशेष.

आपल्या कार्याचा एक नमुना इथे नोंदवतो. २८ जून २०२४ रोजी ‘मुख्यमंत्री – माझी लाडकी बहीण’ योजनेचा शासन निर्णय निघाला. वय २१ ते ६०, अर्जाची मुदत १५ जुलैपर्यंत, अधिवास प्रमाणपत्र हवं, आणि कुटुंबाकडे पाच एकरांहून जास्त शेती नको. आपण हे लगोलग उचललंत. पण शासन पडलं चंचल. ३ जुलैला सुधारित निर्णय आला. वयाची मर्यादा ६५ झाली, मुदत ३१ ऑगस्टवर गेली, शेतीची अट उडाली. अधिवास प्रमाणपत्र नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला चालेल, असं ठरलं. पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली. पुढे मुदत आणखीही वाढत गेली.

आता समजा, बासष्ट वर्षांची एक बाई आहे, घरची शेती सहा एकर. पहिला निर्णय वाचला तर ती दोन कारणांनी अपात्र. सुधारित निर्णय वाचला तर दोन्ही कारणं गेली. केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलची फेरीही वाचली. मधे गेले पाच दिवस. त्या बाईच्या नातवाने ऑगस्टमध्ये मोबाइलवर आपलं पान उघडलं आणि ‘आजी, तुझं वय बसत नाही’ असं सांगितलं, तर दोष कोणाचा? आपला खचितच नाही. आपल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘अपडेटेड’ लिहिलेलं होतं.

मी हे पडताळायला gr.maharashtra.gov.in वर गेलो, हा आपल्यावरचा अविश्वास समजू नये. सवय वाईट आहे. तिथे विभाग निवडायचा, या बाबतीत महिला व बाल विकास, आणि तारखांची चौकट टाकायची. प्रत्येक निर्णयाला लांबलचक संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. म्हणजे कोणी व्हॉट्सॲपवर निर्णयाची प्रत पाठवली, तर शेवटच्या परिच्छेदातला संकेतांक पाहून ती कधीची ते लगेच कळतं, आणि तोच संकेतांक पोर्टलवर टाकून प्रत खरी की कोणी घरी बसून केलेली, तेही.

पण इथे एक गंमत आहे, ती आपल्या पथ्यावर पडणारी म्हणून मुद्दाम सांगतो. सुधारित निर्णयात वरच्या बाजूला ‘वाचा’ म्हणून आधीच्या निर्णयांची यादी असते. त्यामुळे नव्याकडून जुन्याकडे जाता येतं. जुन्याकडून नव्याकडे मात्र रस्ता नाही. २८ जूनच्या पीडीएफवर ‘हे आता बदललं आहे’ असं कोणी शिक्का मारायला येत नाही. ती अस्सल आहे, सहीची आहे आणि शिळी आहे. म्हणून निर्णय हाती आल्यावर त्याच विभागाचे त्या तारखेनंतरचे निर्णय चाळावे लागतात. एवढा उद्योग कोण करणार? म्हणूनच तर आपण आहात.

भरतीत तर आपली प्रतिभा अधिकच फुलते. लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीत एकच ‘शेवटची तारीख’ नसते. अर्ज सादर करण्याची वेगळी, चलनाची प्रत काढून घेण्याची वेगळी, बँकेत चलनाने पैसे भरण्याची वेगळी, आणि ती शेवटची रात्री ११.५९ पर्यंत नव्हे, तर बँकेच्या वेळेत. आपण यांतली एक निवडता. कोणती, हे उमेदवाराच्या नशिबावर सोडता.

पदसंख्येचंही तसंच. २०२३ च्या ऑगस्टमध्ये जिल्हा परिषदांची गट-क भरती निघाली, तेव्हा ‘१९,४६० जागा’ हा आकडा सगळीकडे झळकला. आकडा खोटा नव्हता, ती साऱ्या जिल्ह्यांची बेरीज होती. पण जाहिरात प्रत्येक जिल्हा परिषदेची स्वतंत्र होती. आपल्या जिल्ह्यात, आपल्या पदाला, आपल्या प्रवर्गात किती जागा, हे तिच्या तक्त्यातच कळणार. आणि त्या रकान्यात कधीकधी शून्य असतं. शून्याला मथळा देता येत नाही, ही आपली अडचण मी समजू शकतो.

त्याच भरतीने आमच्यासारख्या शहाण्यांचीही फजिती केली. ‘शेवटी gov.in असेल तरच खरं’ असं आम्ही लोकांना सांगत फिरत होतो, आणि अर्ज भरायचा होता ibpsonline.ibps.in वर! परीक्षेचं काम आयबीपीएसकडे, म्हणून अर्जही तिकडे. तेव्हा नुसत्या पत्त्याच्या शेपटीवरून खरंखोटं ठरत नाही. जिल्हा परिषदेच्या किंवा विभागाच्या स्वतःच्या स्थळावर जायचं, तिथली पीडीएफ उघडायची आणि त्या पीडीएफमध्ये छापलेला पत्ता घ्यायचा. दुवा कोणाच्या हातून आला, हे महत्त्वाचं. आपलं लाल बटणही कधी तिथेच नेतं; कधी आणखी तीन लाल बटणांकडे नेतं, आणि तिसऱ्यावर मोबाइल नंबर मागितला जातो.

निविदांबद्दल थोडक्यात. mahatenders.gov.in वर प्रत्येक निविदेला क्रमांक असतो : आधी वर्ष, मग कार्यालयाचं संक्षिप्त नाव, मग अनुक्रमांक. शुद्धिपत्रक निघालं की ते त्याच क्रमांकाखाली लागतं. आपण कामाचं नाव देता, अंदाजित रक्कम देता आणि नेमका हा क्रमांक गाळता. ‘रस्ता दुरुस्ती’ या नावाच्या निविदा तिथे पोत्याने सापडतात. ठेकेदाराने त्यातून आपली ओळखून काढावी, तेही मुदत संपण्याआधी.

न्यायाने बोलायचं तर दोष एकट्या आपला नाही. निविदांच्या पोर्टलवरच्या पानाचा दुवा कोणाला पाठवावा तर उघडेपर्यंत सत्र संपलेलं असतं. कॅप्चाची अक्षरं मोतीबिंदूच्या तपासणीसाठी असावीत. शुद्धिपत्रक मूळ जाहिरातीला शिवून ठेवावं, हे जिथे घडत नाही, तिथे आपल्यासारख्यांचं दुकान चालणारच. सरकारने आपल्याला इतकी वर्षं विनामूल्य जागा दिली आहे, भाड्याची पावतीसुद्धा मागितलेली नाही.

एकच विनंती. आपल्या काही व्यवसायबंधूंनी हल्ली बातमीखाली जाहिरात क्रमांक, तारीख आणि मूळ पीडीएफचा दुवा द्यायला सुरुवात केली आहे. त्यांना वेळीच आवरा. वाचक त्या क्रमांकाचा माग काढत मूळ कागदापर्यंत जातो आणि परत येत नाही.

आपला,
चार ओळींत भागत नाही असा एक वाचक

ता. क. – ‘अर्ज करण्यास उरले फक्त २ दिवस’ ही आपली पट्टी गेल्या दिवाळीपासून सुरू आहे. दोन दिवस इतके टिकाऊ कोणत्या कंपनीचे, तेवढं कळवावं.