पहिल्याच रिंगला फोन उचलणारी माणसं

खऱ्या कस्टमर केअरला शिव्या घालताना आपण थकत नाही, पण खोट्या कस्टमर केअरचं कौतुक कोणी करत नाही. हा अन्याय आहे. खऱ्या कंपनीला फोन लावा: आधी भाषा निवडा, मग एक दाबा, मग नऊ दाबा, मग तेच संगीत तिसऱ्यांदा ऐका. खोटा माणूस पहिल्याच रिंगला उचलतो, दर वाक्याला ‘सर’ म्हणतो आणि फोन कटला तर स्वतःहून परत लावतो.

जळगावच्या आप्पांचंच घ्या. असे आप्पा गल्लीगल्लीत आहेत. ऑनलाइन मागवलेला मिक्सर परत केला, पण 649 रुपये काही जमा होईनात. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ‘मदत’ नावाचं बटण होतं, ते दाबलं की प्रश्नोत्तरं यायची, माणूस यायचा नाही. धुळ्याच्या साडूंनी फोनवर सल्ला दिला, ‘‘गुगलवर नंबर टाका ना, लगेच भेटतो.’’ भेटला. वर कंपनीचं नाव, शेजारी चिन्ह आणि खाली दहा आकडी मोबाईल नंबर. एवढी मोठी कंपनी साध्या मोबाईलवरून कारभार का करते, हा प्रश्न आप्पांना पडला नाही. साधी राहणी आपल्याला आवडतेच.

असे नंबर तिथे चढतात कसे? कोणी कंपनीच्या नावानं पान बनवतं, कोणी जाहिरातीचे पैसे भरतं. नकाशावर तर बदल सुचवायची सोयच आहे. 2018 मध्ये ठाण्यात गुगल मॅपवर बँक ऑफ इंडियाच्या पुढे भामट्यांनी स्वतःचे नंबर लावल्याच्या तक्रारी राज्याच्या सायबर पोलिसांकडे आल्या होत्या. पाटी बँकेची, फोन चोराचा. चोराला घर शोधायची गरजच उरली नाही, घरमालकच पत्ता विचारत येतो.

तर आप्पांनी लावलेल्या त्या नंबरावरच्या ‘सर’नी सांगितलं, ‘‘सर्व्हर में आपका रिफंड अटका है. एनीडेस्क डाउनलोड कीजिए.’’ आप्पा म्हणाले, ‘‘हाव, करतो.’’ अ‍ॅप खरंच चांगलं आहे, प्ले स्टोअरवर मिळतं. कॉम्प्युटर दुरुस्त करणारेही ते वापरतात. रिझर्व्ह बँकेनं 2019 च्या फेब्रुवारीतच बँकांना त्याच्या गैरवापराचा इशारा दिला होता, पण तो आप्पांच्या गल्लीपर्यंत पोहोचला नाही. अ‍ॅप उघडल्यावर एक लांब आकडा दिसतो. आप्पांनी तो चष्मा लावून, दोनदा, स्पष्ट उच्चारात वाचून दाखवला. मग फोननंच विचारलं की तुमच्या स्क्रीनवरचं सगळं समोरच्याला दिसेल, चालेल का? आप्पांनी होकाराचं बटण दाबलं. आता ओटीपी सांगायची गरज नाही. मेसेज आला की ‘सर’ स्वतःच वाचून घेतात.

खरी कलाकुसर पुढेच आहे. ‘‘यूपीआय खोलिए, यह आयडी डालिए. अब बॉक्स में रिफंड कोड लिखिए, 49649.’’ तो बॉक्स रकमेचा होता. पैसे घेणाऱ्याचं भलतंच नाव दिसलं, तर उत्तर तयार: ‘‘वो हमारे कैशियर हैं.’’ शेवटी पिन. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे जायला. पण 649 रुपयांच्या आशेनं आप्पांचं बोट थांबलं नाही. बँकेचा मेसेज आला आणि घरात अहिराणीत आवाज घुमला, ‘‘मना पैसा कथा गयात?’’

इथून पुढचा वेळ मोलाचा. इंटरनेट बंद करायचं, अ‍ॅप काढायचं, बँकेला कळवायचं आणि लगेच 1930 फिरवायचा. पैसे एका भाडोत्री खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून एटीएममध्ये पोहोचायच्या आत सापडले, तरच गोठवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणानं गेलेले पैसे बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचे. कळवल्यानंतर गेले तर बँकेचे. म्हणजे गप्प बसण्याचा हिशेब आपल्याच खात्यावर चढतो.

आप्पा गप्प बसले. पुण्याचा मुलगा ओरडेल, साडू हसतील, गल्लीत नाव होईल, म्हणून रविवारपर्यंत त्यांनी कळ काढली. तोवर ‘सर’च्या टोळीनं त्यांचा नंबर गिऱ्हाईक म्हणून पुढे पाठवला होता. सोमवारी फोन आला: ‘‘आम्ही सायबर विभागातून बोलतोय. तुमचे गेलेले पैसे सापडलेत, परत मिळवण्यासाठी एक अ‍ॅप घ्यावं लागेल.’’

आप्पा सुटकेच्या सुरात म्हणाले, ‘‘नवं कशाला साहेब? मागचं आहे ना अजून फोनमध्ये. आकडा सांगू का?’’