न जमलेली बाटली

फाउंडेशनच्या शेड्सची नावं वाचताना आपण प्रसाधनांच्या नव्हे, मिठाईच्या दुकानात शिरलोय असं वाटतं. हनी, कॅरमल, टॉफी, आमंड. नावं गोड, पण उपयोग शून्य. कारण एका कंपनीचं हनी दुसऱ्या कंपनीच्या कॅरमलहून गडद निघू शकतं. मोठ्या शहरातल्या बाईला दुकानात जाऊन जबड्यावर थेंब लावून बघता येतं. बाकीच्यांनी फोनवर ओळीने मांडलेले मातकट चौकोन बघायचे आणि त्यातला आपला कोणता हे देवावर सोडायचं.

माझी भाची उदगीरला असते. नणंदेचं लग्न ठरलं तसा तिचा फोटो आला, खाली एकच ओळ, ‘मावशी, मला कुठला शेड?’ फोटोत ती छानच दिसत होती. पण मागे मोरपंखी भिंत, डोक्यावर ट्यूबलाइट, आणि फोननं कुणी न सांगता तिला चांगली उजळून टाकलेली. भिंतीचा रंग बघून कॅमेरा बाकीचे रंग आपल्या मनानं सावरून घेतो. त्यामुळे त्या फोटोवरून तिच्या भिंतीला रंग सुचवता आला असता, तिला नाही.

मैत्रिणींनी तिला आधीच बरंच ज्ञान दिलं होतं. मनगटाची शीर हिरवी दिसली तर वॉर्म, निळी दिसली तर कूल. आता आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीखालची शीर बहुधा हिरवटच दिसते, मग वरची छटा कुठलीही असो. दुसरी परीक्षा दागिन्यांची. सोनं शोभलं तर वॉर्म, चांदी शोभली तर कूल. मला सोनं शोभत नाही असं कबूल करणारी बाई मला तरी लातूर जिल्ह्यात भेटलेली नाही.

मी तिला विचारलं, “अगं, घरात एखादी न जमलेली बाटली आहे का?”

“आहे ना! साखरपुड्यात कुणीतरी दिलेली. लावली की तोंडावर राख फासल्यासारखं दिसतं.”

मला हवं होतं ते हेच. पडद्यावरचा रंग खरा किती, हे कुणालाच सांगता येत नाही. पण हातातल्या बाटलीचा रंग खरा असतो. ती नेमकी कुठल्या बाजूला चुकली हे कळलं, की बरोबर शेड कुठल्या बाजूला असेल तेही कळतं.

रंगाच्या बाबतीत बाटली दोन तऱ्हांनी चुकते. एक तर ती आपल्यापेक्षा फिकी किंवा गडद असते. नाहीतर गडदपणा बरोबर असतो आणि आतली छटा चुकते, म्हणजे पिवळसर हवी तिथं गुलाबी येते. फिकी बाटली आणि गुलाबी छटेची बाटली आरशात सारख्याच ‘राखेसारख्या’ दिसतात, आणि इथंच बहुतेक जणी फसतात. राख दिसली की त्या दोन शेड गडद मागवतात. मग राख जाते आणि चेहरा विटेसारखा होतो.

खरं तर सगळ्या बाटल्यांत रंगद्रव्यं बहुधा तीच चार असतात. पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड, आणि पिवळं, लाल, काळं अशी तीन आयर्न ऑक्साइड्स. फरक फक्त प्रमाणाचा. पांढरं जास्त झालं की आपल्या कातडीवर राख दिसते, लाल जास्त झालं की वीट. खोक्यावर ही चारही छापलेली असतात, प्रमाण मात्र नाही, त्यामुळे भिंग घेऊन वाचण्यात अर्थ नाही.

तर भाचीनं सकाळी चेहरा धुतला आणि खिडकीशी बसली. थेट ऊन नको, नुसता उजेड हवा. त्या बाटलीचा एक पट्टा जबड्यावरून मानेपर्यंत ओढला. गालावर नाही, कपाळावर तर नाहीच. आपल्याकडे कपाळ आणि तोंडाभोवतीचा भाग बाकी चेहऱ्याहून काळवंडलेला असतो. तिथं जुळवलेला रंग मानेशी भांडतो. मग अर्धा तास काहीही करायचं नाही. ओला रंग आणि वाळून चेहऱ्याच्या तेलात मुरलेला रंग यांत फरक पडतो, बऱ्याच बाटल्या तेवढ्या वेळात गडद किंवा नारिंगी होतात. तिनं त्या वेळात मेथी निवडली.

नंतर तिनं फोटो काढला, मानेशी पांढरा कागद धरून, फिल्टर बंद करून. कागद निळसर किंवा पिवळसर आला तर फोटो परत काढायचा. आणि मग मी तिला तो फोटो कृष्णधवल करायला सांगितला. ही युक्ती मला फार आवडते. रंग काढून टाकला की फक्त फिकं-गडद उरतं. पट्टा पांढुरका उठून दिसला असता तर बाटली फिकी. पण भाचीचा पट्टा मानेत जवळजवळ विरघळला, एका कडेला जरासा उजळ राहिला एवढंच. रंगीत फोटोत मात्र तोच पट्टा गुलाबी-करडा. म्हणजे गडदपणा जेमतेम एक पायरी कमी, आणि खरी चूक छटेची.

मग त्याच कंपनीची त्याच प्रकारची यादी उघडली. कंपनी बदलली की आपलं मोजमाप वाया जातं. साखरपुड्याच्या बाटलीवर आकड्यापुढं कूलचा सी होता. आम्ही एक पायरी गडद आणि वॉर्मचा डब्ल्यू अशी शेड धरली. ही अक्षरंही डोळे मिटून घ्यायची नसतात. मॅकच्या शेड्समध्ये एनसी म्हणजे सोनेरी छटेच्या कातडीसाठी आणि एनडब्ल्यू म्हणजे गुलाबी छटेच्या, अगदी उलटं वाटेल असं. म्हणून अक्षराखालचं वर्णन वाचायचं. तिथंही वॉर्ममध्ये दोन जाती निघतात, सोनेरी आणि पीच. पीचमध्ये लाली असते, आणि तिच्या रंगावर ती तासाभरात नारिंगी होण्याची भीती, म्हणून सोनेरी.

शेवटची खात्री गिऱ्हाइकांच्या फोटोंतून. तिथं आपल्यासारखी दिसणारी मुलगी शोधण्यात अर्थ नाही, तिचाही फोन तिला उजळवत असतो. ‘आधीची अमुक शेड माझ्यावर राखेसारखी दिसायची, ही बसली’ असं लिहिणारी शोधायची. अशी एक सापडली. सील उघडलं की बाटली सहसा परत घेत नाहीत, म्हणून आधी छोटी बाटली मागवली.

ती मानेवर बसली. कपाळावरचा काळवंडलेला भाग तिनं आधी झाकला होता. सासूबाई म्हणाल्या, “आज तोंड नीट धुतलेलं दिसतंय.” यापेक्षा मोठं प्रमाणपत्र फाउंडेशनला मिळत नाही.

मे महिन्यात हीच बाटली फिकी पडेल हेही तिला सांगून ठेवलंय, कारण उदगीरच्या उन्हात मानही रापते. तेव्हा त्याच ओळीतली पुढची गडद शेड घेऊन थेंब-थेंब मिसळायची. उलट गडद बाटली उजळ करायला पांढरी क्रीम किंवा पावडर मिसळली तर मात्र राख परत हजर.

लग्नात तिच्या जावेनं विचारलं, ‘नंबर काय गं तुझा?’ भाचीनं नंबर सांगितला नाही. आधी तिच्या कपाटात कुठली बाटली पडून आहे ते विचारलं. जाऊबाई अजून रागावलेल्या आहेत.