अकरा महिने

डहाणूकर कॉलनीत त्यांना आडनावाने कुणी ओळखत नाही. सगळे त्यांना 'अकरा महिने' म्हणतात. भाड्याचे करार बहुधा अकरा महिन्यांचे असतात आणि कॉलनीतले निम्मे करार यांच्या हातून होतात, एवढंच त्यामागचं कारण. तोंडावर मात्र काका.

काका घरांचे एजंट. एकटे. ऑफिस स्कूटरच्या डिकीत, त्यात मोजण्याची टेप, बॅटरी आणि दुसऱ्यांच्या घरांच्या किल्ल्या. कर्वे पुतळ्याच्या पलीकडचं गिऱ्हाईक आलं की ते दुसऱ्याकडे पाठवतात. "तिथली कुत्री मला ओळखत नाहीत," म्हणतात. पूर्वी ते विजेच्या खांबांवर पत्रकं चिकटवायचे. पुतण्याने फोन हातात दिल्यापासून ते 'कंटेंट' करतात.

या कंटेंटचा आठवड्याचा आराखडा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर असतो. तिथे काकूंचा दुधाचा हिशेब आधीपासून नांदतो, त्यामुळे बुधवारच्या चौकोनात 'पाणी' आणि 'अर्धा लिटर जास्त' शेजारी शेजारी दिसतात. मंगळवारी कागद, बुधवारी पाणी, शुक्रवारी घर, रविवारी दुकान. बाकीचे दिवस रिकामे. पुतण्या रोज रील टाका म्हणाला तेव्हा काकांनी त्याला विचारलं, "रोज बेल वाजवणाऱ्याला तू दार उघडशील का रे?"

काकांचा खरा डोळा मात्र लाइकवर नसतो. त्यांना लोकांच्या फोनमध्ये शिरायचं असतं. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. म्हणजे यादीत तुम्ही अख्खी कॉलनी भरलीत तरी समोरच्याने सेव्ह केलं नसेल तर तुमचं बोलणं हवेत. म्हणून काका दर महिन्याला एक निरुपद्रवी मेसेज पाठवतात आणि दोन टिका किती जणांच्या नावापुढे उमटल्या ते काकूंचा चष्मा लावून मोजतात. एका टिकेवर अडकलेला माणूस म्हणजे अजून परका. तो भाजीच्या गाडीपाशी भेटला की काका हवापाण्याच्या गप्पा मारतात आणि निघताना म्हणतात, "नंबर ठेवा हो, पाण्याचं कळवत जाईन." लोक ठेवतात. कोणत्या नावाने ठेवतात हा भाग वेगळा. एका मावशींच्या फोनवर मी स्वतः 'एजंट उचलू नये' असं वाचलंय. पण पाण्याचा मेसेज त्यांनाही जातो.

तर पाणी. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं तर महापालिकेला बहुधा गुरुवार सापडतो. कुठल्या भागात, किती वाजेपर्यंत, हे आदल्या एक-दोन दिवसांत जाहीर होतं. त्या यादीतून काका आपल्या गल्ल्या तेवढ्या उचलतात आणि बुधवारी संध्याकाळी चार ओळी पाठवतात. खाली नाव, नंबर, बस्स. 'घर घेणे-देणे' हे शब्द बुधवारी वर्ज्य. एकदा मात्र दोन बाणांचा, बिनतारखेचा एक मेसेज घाईत पुढे गेला. तो कुठल्या तरी जुन्या गुरुवारचा होता. कॉलनीने पिंपं भरली, बादल्या भरल्या, एका घरी पातेलीसुद्धा भरली, आणि गुरुवारी नळ धो धो. पुढे महिनाभर काकांना रस्त्यात लोक पाण्याचा ग्लास पुढे करायचे. तेव्हापासून तारीख आणि काढणाऱ्या खात्याचं नाव नसेल तो मेसेज काका वाचतसुद्धा नाहीत. तेवढी थट्टा पुरली, असं काकू म्हणतात.

शुक्रवारचं घर हा काकांचा जोखमीचा दिवस. मालकाची परवानगी लेखी, म्हणजे मेसेजवर, घेतल्याशिवाय फोटो नाही. इमारतीचं नाव नाही, घर रिकामं असल्याचा उल्लेख नाही, कारण मेसेज पुढे कुणाकुणाकडे जातो ते काकांनाही ठाऊक नाही. क्षेत्रफळ कार्पेट, भिंतींच्या आतलं, स्वतःच्या टेपने मोजलेलं. मालक नऊशे पन्नास म्हणतात, टेप सहाशे ऐंशी म्हणते. मधले दोनशे सत्तर फूट जिन्यात, भिंतीत आणि मालकाच्या मायेत असतात. आणि शेवटी दोन दोष लिहायचेच, हा काकांचा नियम. 'तिसरा मजला, लिफ्ट नाही. पश्चिमेच्या खोलीत दुपारी ऊन.' असं वाचून एक मालक तणतणत आले.

"अहो, तुम्ही विकताय की बदनामी करताय?"

"साहेब, जिना मी लपवला तरी गिऱ्हाइकाच्या गुडघ्यांना दिसणारच. मग तुमच्या आमच्या दोघांचा रविवार कशाला घालवायचा?"

फोन कमी येतात हे खरं. पण जे येतात ते जिना चढायची तयारी करून येतात. 'विचार करून सांगतो' म्हणत चहा पिऊन जाणाऱ्यांची जमात शुक्रवारमुळे बरीच घटली. पुरावा म्हणून काकू कालनिर्णयवरचा चहापत्तीचा हिशेब दाखवतात.

रविवारचं सांगण्यासारखं काही नाही. पिठाच्या गिरणीचा, चपला शिवणाऱ्याचा फोटो, दोन ओळी. लाइक सगळ्यांत जास्त, काम शून्य.

काम मंगळवार देतो. मंगळवारी एक कागद, एका घरगुती प्रश्नातून समजावलेला. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काकांना ग्रुपमध्ये घेत नाहीत, 'जाहिराती चालणार नाहीत' म्हणून. त्या सेक्रेटरींचाच एका रात्री अकराला मेसेज आला. 'एक विचारायचं होतं. ग्रुपवर नको.' दुसऱ्या फ्लॅटचं भाडं पंचवीस हजार, डिपॉझिट एक लाख. करार पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून घेतलेला, नोंदणी केलेली नाही. आता भाडेकरू म्हणतो, वीस हजारच ठरलं होतं.

काकांनी विचारलं, "पैसे वाचवायला केलंत ना?" उत्तर आलं नाही, फक्त दोन निळ्या टिका.

"मंगळवारी लिहितो," काकांनी कळवलं, "नाव न घेता."

मंगळवारी काकांनी हिशेब मांडला. अकरा महिन्यांचं भाडं दोन लाख पंचाहत्तर हजार. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून त्यात नऊ-दहा हजार मिळवायचे. एकूण रकमेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सव्वासातशेच्या आत. नोंदणी फी शहरात हजार रुपये. ऑनलाइन करून देणाऱ्याची मजुरी वेगळी. एवढ्यासाठी नोंदणी टाळली. आता 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 काय म्हणतं? करार लेखी हवा, नोंदलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदला नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते धरून चालायचं, खोटं आहे हे मालकाने सिद्ध करेपर्यंत. शिवाय न नोंदवल्याबद्दल मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खाली ठरलेली ओळ: 'भांडण सुरू झालं असेल तर वकील गाठा, मी वकील नाही.'

नाव कुठेच नव्हतं. 'एका सोसायटीतले एक जबाबदार पदाधिकारी' एवढंच होतं. सकाळी नऊला हा मजकूर कुणीतरी उचलून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि नऊ वाजून चार मिनिटांनी तळमजल्यावरच्या आजींनी त्याखाली लिहिलं, "सेक्रेटरीसाहेब, पंचवीस हजार म्हणजे फार हो. आमचे बावीसलाच गेले."